गहाण काय ठेवले जात आहे?

१२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या उठावाचे एक वैशिष्ट्य आवर्जून लक्षात घेण्यासारखे आहे. जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते, न्यायालयाचे हुकूमनामे शोधून काढण्यात आले आणि त्यांची होळी करण्यात आली. निरक्षर कुणब्याने अंगठा उठवलेला कागद हीच सावकाराची खरी शक्ती आहे, हे त्या शेतकऱ्याने अनुभवाने ओळखले होते. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. केवळ कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार किती रकमेचा होता, याच्या तळाशी जाण्याचा अधिकार न्यायालयांना त्या कायद्याने दिला.

दीडशे वर्षांनंतर सावकाराचे रूप पालटले आहे. तो आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो. पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रे नकोत, जामीनदार नको, असे आश्वासन देतो. परंतु त्यालाही आपला ‘कागद’ हवाच असतो. तो कागद म्हणजे कर्जदाराच्या फोनमधील संपर्कांची यादी आणि छायाचित्रांचा संग्रह. अंगठा उठवण्याची जागा पडद्यावरील ‘Allow’ या एका शब्दाने घेतली आहे. म्हणूनच कर्ज देणारे ॲप खरे की खोटे, याचा निर्णय त्या शब्दावर बोट ठेवण्यापूर्वी व्हावा लागतो. नंतर झालेला निर्णय बहुतांशी निरुपयोगी ठरतो.

धनकोला नेमके काय हवे असते?

कर्ज देणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक संस्थेपुढे एकच प्रश्न असतो: हा मनुष्य पैसे परत करू शकेल काय? त्याचे उत्तर मिळवण्याचे मार्ग आज उपलब्ध आहेत. पॅन क्रमांकावरून पतमापन संस्थांकडे असलेला पूर्वीच्या कर्जफेडीचा इतिहास मिळतो. वेतनाची नोंद आणि बँक खात्याचा उतारा यांतून मासिक प्राप्ती कळते. हा उतारा ग्राहकाच्या संमतीने थेट बँकेकडून मागवता यावा, यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली ‘अकाउंट ॲग्रीगेटर’ नावाची व्यवस्थाही उभी राहिली आहे. ओळख पटवण्यासाठी एक चेहऱ्याचे छायाचित्र लागते. ते त्या क्षणी कॅमेऱ्याने काढले म्हणजे काम भागते.

या संपूर्ण प्रक्रियेत मामाचा दूरध्वनी क्रमांक, कार्यालयातील वरिष्ठांचा क्रमांक किंवा बहिणीच्या लग्नातील छायाचित्रे कोठे उपयोगी पडतात? कोठेही नाही. मामाचा क्रमांक ठाऊक असल्याने भाच्याची परतफेडीची क्षमता वाढत नाही. त्या क्रमांकाचा उपयोग एकाच कामासाठी होतो. भाच्याने पैसे दिले नाहीत, किंवा दिले तरी आणखी उकळायचे असले, की मामाला दूरध्वनी करून ‘तुमचा भाचा चोर आहे’ असे सांगण्यासाठी! छायाचित्रांचेही तसेच. त्यांतील चेहरे कापून अश्लील चित्रांवर चिकटवले जातात आणि संपर्क-यादीतील प्रत्येकाला पाठवण्याची धमकी दिली जाते. खरा धनको कर्जदाराची पत तोलतो, खोटा धनको त्याची लाज तोलतो. तेव्हा संपर्क आणि छायाचित्रे यांची मागणी हीच पहिली आणि सर्वांत मोठी साक्ष मानली पाहिजे.

हा केवळ तर्क नाही, नियमही आहे. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जव्यवहाराची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आणि ८ मे २०२५ रोजी त्यांचे सुधारित निर्देश काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधील फायली व छायाचित्रे, संपर्क-यादी, कॉलच्या नोंदी आणि दूरध्वनी-यंत्रणा यांना हात लावू नये, हा दंडक त्यात स्पष्ट शब्दांत घालून दिलेला आहे. कॅमेरा, ध्वनिग्राहक किंवा ठिकाण यांची अनुमती ओळख पडताळण्यापुरती, एकदाच आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने घेता येते. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरील व्यक्तिगत कर्जाच्या ॲपना संपर्क व छायाचित्रे वाचण्यास मनाई केली.

याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. कर्जासाठी म्हणून उतरवलेले ॲप संपर्क पाहू देण्याची अनुमती मागत असेल, तर पुढे काहीही तपासण्याची आवश्यकता उरत नाही. ‘फसवणूक रोखण्यासाठी हे आवश्यक आहे’, ‘अनुमती दिल्याविना अर्ज पुढे सरकणार नाही’ अशी स्पष्टीकरणे पडद्यावर येतील. ती वाचून मन डळमळू देऊ नये. ओळखीच्या दोन व्यक्तींची नावे हवी असतील, तर ती लिहून मागता येतात. त्यासाठी संपूर्ण यादी उचलण्याचे कारण नाही. तसेच पॅनकार्डाचे छायाचित्र द्यायचे असेल, तर नव्या फोनमध्ये तेवढे एकच छायाचित्र निवडून देण्याची सोय असते. सर्व संग्रह खुला करण्याची गरज पडत नाही.

अनुमती मागितली जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘About this app’ उघडून तळाशी ‘App permissions’ पाहिले, की ते ॲप काय काय मागू शकते याची यादी उतरवण्याआधीच दिसते. तेथे संपर्क वाचण्याचा उल्लेख असेल, तर तेथूनच परतावे. त्याच पानावरील ‘Data safety’ हा भाग मात्र ॲप बनवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो. ‘आम्ही कोणतीही माहिती घेत नाही’ असे कोणीही स्वतःविषयी लिहू शकतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

‘नोंदणीकृत’ या शब्दाचा सापळा

आता प्रश्न उरतो तो अधिक चतुर खोटेपणाचा. काही ॲप सुरुवातीला सज्जनपणे वागतात. ‘रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत’ अशी ओळ ठळकपणे झळकवतात. येथे सुशिक्षित माणूसही फसतो, आणि तो कसा फसतो हे एका उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा तरुण डोळ्यांपुढे आणावा. महिनाअखेर आहे, आईच्या तपासण्यांसाठी तातडीने पाच हजार रुपये हवे आहेत, घरी सांगण्याचा संकोच आहे. समाजमाध्यमावर जाहिरात दिसते. तरुण सावध आहे. तो ॲपच्या वर्णनात तळाशी दिलेले कर्जदार कंपनीचे नाव वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांची यादी असते. त्या यादीत तो ते नाव शोधतो आणि नाव सापडते! तरुण निश्चिंत होतो. वस्तुतः त्याने अर्धीच वाट चाललेली असते. कंपनी अस्तित्वात आहे एवढेच त्याला कळले आहे. हे ॲप त्या कंपनीचे आहे काय, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. कोणीही भामटा कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाव व नोंदणी क्रमांक आपल्या पानावर छापू शकतो.

म्हणून पडताळणीची दिशा उलटी हवी. ॲपकडून कंपनीकडे जाण्याऐवजी कंपनीकडून ॲपकडे यावे. बँका आणि वित्तीय कंपन्यांनी आपली कर्ज-ॲप कोणती व आपल्या वतीने काम करणारे मध्यस्थ कोणते, यांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी, असे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. तेव्हा त्या तरुणाने ॲपमधील दुव्यावर न जाता कंपनीचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून उघडावे आणि तेथील यादीत ॲपचे नाव आहे का ते पाहावे. नसेल, तर नाव उसने घेतलेले आहे असे समजावे. कंपनीला स्वतःचे संकेतस्थळच नसेल, तर तेही उत्तरच आहे. असेल, तर ॲप त्या संकेतस्थळावरील दुव्यावरूनच उतरवावे. कारण त्याच नावाचे, त्याच बोधचिन्हाचे दुसरे नकली ॲप शेजारी उभे असू शकते.

१ जुलै २०२५ पासून या कामात आणखी एक साधन मिळाले आहे. बँका व वित्तीय कंपन्यांच्या सर्व कर्ज-ॲपची एकत्रित सूची रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावर ‘Citizen's Corner’ या विभागात ठेवण्यात आली. ॲपचे नाव तेथे नाही, पण ते एखाद्या बँकेशी किंवा वित्तीय कंपनीशी जोडलेले असल्याचा दावा करते, तर दूर राहण्यास तेवढे कारण पुरे आहे. मात्र या सूचीची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ही माहिती संबंधित संस्थांनी सादर केलेली असते आणि ती जशीच्या तशी प्रसिद्ध होते. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक ॲप तपासून प्रशस्तिपत्र दिले, असा तिचा अर्थ होत नाही. ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त ॲप’ असे कोणी मिरवत असेल, तर तो दावाच दिशाभूल करणारा आहे. नोंदणी होते ती कंपनीची, ॲपची नव्हे.

नोंदणी असलेली कंपनीही कधी कधी आपले नाव भाड्याने देते, हे सत्यही झाकून ठेवता येणार नाही. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच वित्तीय कंपन्यांची नोंदणी रद्द केली, त्यामागे त्रयस्थांच्या ॲपमार्फत चाललेल्या कर्जव्यवहारातील अनियमितता हे कारण होते. तेव्हा यादीत नाव पाहताना नोंदणी आज चालू आहे की रद्द झाली आहे, हेही पाहावे. रद्द झालेल्या कंपन्यांची वेगळी यादी त्याच संकेतस्थळावर असते.

आणि जे ॲप कोणत्याही बँकेचे वा वित्तीय कंपनीचे नावच सांगत नाही, ‘आम्हीच कर्ज देतो’ म्हणते, त्याचे काय? महाराष्ट्रात सावकारीचा धंदा करण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवाना लागतो. तो नसताना व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे. पडद्याआड बसल्याने अवैध सावकार वैध होत नाही.

आकडे काय बोलतात?

त्या तरुणाने ही पडताळणी केली नाही असे धरू. पाच हजारांचे कर्ज ‘मंजूर’ होते. खात्यात मात्र तीन हजारच येतात. उरलेले दोन हजार ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आधीच कापलेले असतात. परतफेड सात दिवसांत पाच हजारांची. म्हणजे तीन हजारांच्या वापरासाठी सात दिवसांत दोन हजार, आठवड्याला जवळजवळ ६७ टक्के. वर्षाच्या हिशेबाने सरळ मांडणी केली, तरी हा दर सुमारे ३,४७५ टक्के होतो. जाहिरातीत मात्र ‘व्याज केवळ एक टक्का’ असे लिहिलेले असू शकते, आणि शब्दच्छलाने ते खरेही ठरवता येते. कारण सारी लूट शुल्काच्या नावाखाली चाललेली असते.

ही लबाडी आधीच उघडी पाडणारा एक कागद नियमाने अनिवार्य केलेला आहे. पडद्यावर त्याचे नाव ‘Key Fact Statement’ असे दिसते. करार होण्यापूर्वी कर्जदाराला हा तक्ता मिळालाच पाहिजे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव, हाती पडणारी नेमकी रक्कम, प्रत्येक हप्ता, प्रत्येक शुल्क आणि सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर, ज्याला ‘APR’ म्हणतात, हे सारे त्यात असते. या तक्त्यात नसलेले शुल्क मध्येच कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना वसूल करता येत नाही. तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचा संपर्कही त्यात द्यावा लागतो.

खऱ्या कर्जाचा तक्ता कसा वाचावा, तेही पाहू. दहा हजार रुपये, तीन महिने, वार्षिक व्याज २४ टक्के, प्रक्रिया शुल्क २०० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर ३६ रुपये. शुल्क वजा जाता हाती ९,७६४ रुपये येतात. मासिक हप्ता सुमारे ३,४६८ रुपये. तीन हप्त्यांत एकूण सुमारे १०,४०३ रुपये भरावे लागतात. येथे व्याजदर २४ टक्के असला, तरी शुल्क धरून वार्षिक दर सुमारे ३९ टक्के निघतो. हे कर्ज स्वस्त नाही. परंतु ते किती महाग आहे, हे घेणाऱ्याला आधीच कळते. खरे ॲप म्हणजे स्वस्त ॲप नव्हे. खरे ॲप म्हणजे आपली किंमत आधी लेखी सांगणारे ॲप. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे अनेक जण ‘व्याज किती?’ एवढाच प्रश्न विचारून फसतात. विचारायचे ते हे: हाती किती येणार, परत किती जाणार आणि किती दिवसांत?

दिवसांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कर्ज दिल्यापासून साठ दिवसांत किंवा त्याहून कमी काळात पूर्ण परतफेड मागणारी व्यक्तिगत कर्जाची ॲप गूगलच्या धोरणानुसार प्ले स्टोअरवर चालत नाहीत. म्हणूनच सात दिवसांची कर्जे देणारे बहुधा व्हॉट्सॲपवरील दुव्याने ‘एपीके’ फाईल पाठवतात, किंवा हिशेबाचे यंत्र, खर्चाची वही अशा निरुपद्रवी नावाने दुकानात शिरतात. प्ले स्टोअरबाहेरून आलेले कर्ज-ॲप उतरवू नये, हा नियम निरपवाद पाळावा. मात्र प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरे आहे, असा उलटा निष्कर्षही काढू नये. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाच्या अहवालानुसार, त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय ग्राहकांसाठी सुमारे ११०० कर्ज-ॲप निरनिराळ्या ८० हून अधिक ॲप-दुकानांत उपलब्ध होती आणि त्यांपैकी सुमारे ६०० अवैध होती. त्यानंतर शेकडो ॲप काढून टाकण्यात आली, परंतु एक काढले की दुसऱ्या नावाने तेच पुन्हा उभे राहते. वर दिलेली उलट पडताळणी हवी ती यासाठीच.

पैशाची वाटही बोलकी असते. नियमानुसार कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते आणि हप्ताही थेट त्या संस्थेच्या खात्यातच जावा लागतो. मधल्या कोणाच्या खात्यातून हा प्रवाह वळवता येत नाही. कर्ज मिळण्याआधी ‘नोंदणी’, ‘विमा’ किंवा ‘फाईल’ यासाठी पैसे भरायला सांगितले, तर ते कर्ज येणारच नाही असे निश्चित समजावे. खरी संस्था आपले शुल्क दिलेल्या रकमेतून वळते करते आणि तक्त्यात दाखवते. हप्त्यासाठी कोणा अनोळखी व्यक्तीच्या नावाचा यूपीआय पत्ता किंवा दर वेळी नवा क्यूआर संकेत येत असेल, तर तोही त्याच टोळीचा हात होय.

अनुमती परत घेता येत नाही

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. ‘आता अनुमती देऊ, पैसे आले की बंद करू’ असा हिशेब अनेक तरुण करतात. फोनच्या रचनेत दिलेली अनुमती काढून घेता येते, हे खरे. परंतु ती यापुढच्या वाचनापुरती. एकदा ‘Allow’ म्हटल्यावर शेकडो संपर्कांची यादी दूरच्या संगणकावर पोहोचण्यास काही क्षण पुरतात. नंतर अनुमती बंद केली, ॲप काढून टाकले, फोन फोडून टाकला, तरी ती प्रत तेथेच राहते. १८७५ च्या शेतकऱ्याला जाळण्यासाठी कागद तरी सापडत होता. आजच्या कर्जदाराला तोही सापडत नाही. निर्णय बोट ठेवण्यापूर्वीच व्हावा, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे.

ज्याने अनुमती आधीच दिलेली आहे, त्याने काय करावे? पहिली गोष्ट, धमकीला भिऊन दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. एकदा भरल्यावर थांबतात असा अनुभव नाही, उलट भरणारा माणूस सापडला असे समजून मागणी वाढते. दुसरी, आलेले संदेश, क्रमांक, यूपीआय पत्ते आणि खात्यातील नोंदी यांची पडदाचित्रे जपून ठेवावीत आणि मगच ॲप काढावे. तिसरी, १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. ॲपमागे खरी वित्तीय कंपनी असेल, तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in येथे दाद मागावी. विनापरवाना कर्ज देणाऱ्यांची माहिती sachet.rbi.org.in येथेही देता येते. वसुलीसाठी नातेवाईक व मित्रांना त्रास देणे, चारचौघांत अपमान करणे याला नोंदणीकृत संस्थांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट मनाई केली आहे. अर्थात, पुढे खरी कंपनी निघाली आणि तिचे पैसे खरोखर देणे असले, तर तक्रारीने ते देणे बुडत नाही. मुद्दल व नियमानुसार होणारे व्याज तिच्याच खात्यात भरावे लागते.

चौथी गोष्ट मात्र कोणत्याही संकेतस्थळावर होत नाही. ती घरात करावी लागते. धमकीचा संदेश मामाकडे पोहोचण्याआधी भाच्याने स्वतः मामाला सांगावे: ‘माझ्या फोनमधील यादी चोरीला गेली आहे. माझ्याविषयी काही आले, तर विश्वास ठेवू नका, क्रमांक मला कळवा.’ एवढ्या एका वाक्याने त्या टोळीच्या हातातील शस्त्र बोथट होते. कारण तिचे सारे भांडवल कर्जदाराच्या मौनात गुंतलेले असते.

घराचा उंबरठा

येथे या प्रश्नाचा खरा गाभा आहे. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात अशा ॲपच्या छळाने काही कर्जदारांनी आत्महत्या केल्यावर पोलिसांनी धरपकड केली, तेव्हा देशाला या व्यवहाराचे क्रौर्य प्रथम ठळकपणे दिसले. त्यात एका चिनी नागरिकालाही अटक झाली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने चीनशी धागेदोरे असलेली ९४ कर्ज-ॲप बंद करण्याचे आदेश दिले. शासनाने, पोलिसांनी आणि रिझर्व्ह बँकेने करावयाचे ते केलेच पाहिजे, आणि त्यात जेथे ढिलाई असेल तेथे जाबही विचारला पाहिजे. परंतु काही हजार रुपयांसाठी एखाद्या मुलाला जीव नकोसा होतो, तेव्हा त्याला मारते ती रक्कम नव्हे. ‘घरी कळले तर काय होईल’ ही भीती त्याला मारते.

मध्यमवर्गीय घरांत पैशाची अडचण हा अपमान मानला जातो. मुलगा पाच हजार मागतो, तेव्हा त्याला आधी पंधरा मिनिटांचा उपदेश ऐकावा लागतो. तो उपदेश टाळण्यासाठी तो पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळख्याकडे जातो. नोकरदारांच्या पगारदार पतसंस्था, नागरी सहकारी बँकांची लहान कर्जे, घरातील दागिन्यावर बँकेतून मिळणारे सोनेतारण कर्ज, हे मार्ग आजही उपलब्ध आहेत. परंतु या प्रत्येक मार्गावर कोणाला तरी आपली अडचण सांगावी लागते. ॲप नेमके तेवढेच टाळून देते, आणि त्याची किंमत सर्वांना सांगण्याची धमकी देऊन वसूल करते. केवढा हा विरोधाभास!

वस्तीत ज्याच्याकडे लोक विश्वासाने येतात, त्या कार्यकर्त्यानेही आपला फोन उघडून शेजारच्या तरुणाला ही पडताळणी एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. ॲपचे पान, त्यातील अनुमतींची यादी, कंपनीचे नाव, कंपनीच्या संकेतस्थळावरील ॲपची यादी, रिझर्व्ह बँकेची सूची आणि शेवटी तो तक्ता. या सर्वांस पंधरा-वीस मिनिटे लागतात. ‘पाच मिनिटांत कर्ज’ या घोषणेतील घाई एवढ्यासाठीच असते की ही पंधरा मिनिटे कोणी घालवू नयेत.

पूर्वी शेत गहाण पडे, दागिना गहाण पडे. तो सोडवून आणता येत असे. संपर्कांची यादी आणि छायाचित्रे देताना गहाण पडतात ती माणसे, आणि त्या माणसांची संमती कोणी विचारलेली नसते. मामा, बहीण, मित्र, गुरुजी यांचे क्रमांक विश्वासाने मिळालेले असतात. ते अनोळख्याच्या हाती देण्याचा अधिकार कर्जदाराला तरी कोठे आहे? पडद्यावर ‘Allow’ हा शब्द उमटेल, तेव्हा पैसे किती मिळणार या प्रश्नाआधी हा प्रश्न मनात उभा राहिला पाहिजे.